तिचे नाव वगळून फेरफार कराल तर

मूल तालुक्यात वारस नोंदी करणाऱ्या अधिकाऱ्यांना हा जाहीर इशारा आहे.

एक धानउत्पादक शेतकरी वारला. मूलबाळ नाही. आई-वडील आधीच गेलेले. ज्या बाईने अर्धे आयुष्य त्याच्यासोबत त्याच घरात काढले, ती मागे राहिली. लग्नाचा दाखला तिच्याकडे नाही. भावांनी वारस म्हणून स्वतःची नावे दिली. तिचे नाव दिले नाही.

आम्ही तिच्या वतीने लेखी हरकत घेतली. पोच घेतली. स्मरणपत्रे दिली. उत्तर आले नाही.

आता नीट ऐका.

तिला पत्नी ठरवा, अशी आमची मागणी नाही. तो अधिकार दिवाणी न्यायालयाचा आहे. पण ती पत्नी नव्हती, हे ठरवण्याचाही अधिकार तुम्हाला नाही. तिची हरकत बाजूला ठेवून नोंद प्रमाणित करणे म्हणजे तेच ठरवणे होय.

हिंदू वारसा कायद्यात विधवा पहिल्या वर्गातील वारस आहे. भाऊ दुसऱ्या वर्गातले. पहिल्या वर्गात एक जरी वारस असेल, तरी भावांना काही मिळत नाही. ती त्याची विधवा आहे का, या एका प्रश्नावर सारा वाद उभा आहे.

त्यावर सर्वोच्च न्यायालय 2015 मध्ये धन्नुलाल विरुद्ध गणेशराम प्रकरणात बोलले आहे. स्त्री-पुरुष दीर्घकाळ पती-पत्नीसारखे राहिले असतील, तर लग्न झाले असे गृहीत धरले जाते. ते नव्हते हे सिद्ध करण्याचा भार नाकारणाऱ्यावर असतो. इथे तो भार भावांवर आहे.

या गृहीतकाची मर्यादा आम्हाला ठाऊक आहे. त्याची लग्नाची बायको हयात असती, तर ते टिकले नसते. इथे तशी कोणी नाही. एकत्र येण्यापूर्वी दोघेही अविवाहित होते.

पुरावा गावातच आहे. शिधापत्रिका, मतदार यादी, दवाखान्याचे कागद, शेजाऱ्यांचे जबाब. कोणी मागितला नाही.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम 150 स्पष्ट आहे. हरकत आली की ती वादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत चढते. दोन्ही बाजू ऐकून निर्णय होतो.

फेरफाराने मालकी ठरत नाही, हे आम्हाला सांगू नका. सातबाऱ्यावर नाव नसेल, तर आधारभूत केंद्रावर तिचे धान विकले जात नाही. पीककर्ज मिळत नाही. निकाल लागेपर्यंत शेत विकलेले असते.

तुम्हाला पंधरा दिवस देत आहोत. हरकत नोंदवहीत घ्या. तिला सुनावणीची नोटीस द्या. तोवर नोंद प्रमाणित करू नका.

सोळाव्या दिवशी दिवाणी न्यायालयात दावा दाखल होईल. विक्रीला मनाई मागू. नोंद प्रमाणित झालेली असेल, तर कलम 247 खाली अपील करू. त्याच दिवशी तालुक्यातील बायका कार्यालयासमोर ठिय्या देतील. लेखी आदेश हाती पडेपर्यंत उठणार नाहीत.

आम्ही वाट पाहिली. यापुढे पाहणार नाही.