नावं आहेत, फाइली नाहीत

डेटा परत काढून देण्याच्या धंद्यात एक चमत्कारिक दृश्य आता रोजचं झालंय. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवलं की उडवलेल्या फाइलींची यादी झरझर पडद्यावर येते. नाव बरोबर, तारीख बरोबर, आकारही बरोबर. शेजारी हिरवा ठिपका, म्हणजे फाइल उत्तम अवस्थेत. गिऱ्हाइकाचा चेहरा खुलतो. फाइल वाचवून उघडायला जावं तर उघडत नाही. हेक्स व्ह्यूअरमध्ये पाहिलं तर पहिल्या बाइटपासून शेवटच्यापर्यंत नुसतं 00. कुठलाही जेपीईजी फोटो FF D8 या दोन बाइटांनी सुरू होतो, तिथेही 00. सॉफ्टवेअर खोटं बोलत नसतं. त्याने फक्त फाइलींची नोंदवही वाचलेली असते.

जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर हीच नोंदवही आपल्या कामी यायची. विंडोजमध्ये फाइल उडवली की नोंदीवर ‘ही जागा मोकळी’ असा शेरा पडतो आणि बाकी काहीच होत नाही. सातबाऱ्यावरचं नाव कमी झालं, पण शेतातलं पीक तसंच उभं, असा तो प्रकार. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तबकडीवरचे चुंबकीय ठसे जसेच्या तसे राहतात, मग वर्ष जावो की दोन. ‘डिलीट केलेलं कधी जात नसतं’ हे आपल्याकडचं ठाम मत त्याच काळातलं आहे. मत टिकलं, डिस्क बदलली.

एसएसडीची अडचण वेगळी. तिच्यातल्या फ्लॅश चिपवर लिहिलेल्यावर पुन्हा लिहिता येत नाही. आधी पुसावं लागतं. लिहिणं होतं पानापानाने, आणि एक पान साधारण 16 केबीचं. पुसणं मात्र अख्ख्या ब्लॉकचं, आणि एका ब्लॉकमध्ये अशी शेकडो पानं. वाचन मायक्रोसेकंदांत उरकतं, पुसायला मिलिसेकंद लागतात. त्यामुळे शहाणा कंट्रोलर मोकळा वेळ साधून ब्लॉक आधीच पुसून ठेवतो. पण कुठलं पान टाकाऊ झालंय हे त्याला कळणार कसं? फाइल उडाल्याचा शेरा विंडोजच्या नोंदवहीत पडला. कंट्रोलरच्या लेखी ती वहीदेखील इतर डेटासारखाच डेटा. म्हणून मेलेल्या फाइलींची पानंसुद्धा तो जिवापाड जपत, इकडून तिकडे हलवत बसायचा आणि ड्राइव्ह दिवसेंदिवस मंदावत जायचा.

यावर काढलेला तोडगा म्हणजे ट्रिम. फाइल उडाली की ऑपरेटिंग सिस्टीम ड्राइव्हला सांगते, ‘अमुक पत्त्यापासून तमुक पत्त्यापर्यंतचं आता नको.’ 2009 च्या विंडोज 7 पासून ही सूचना आपोआप जाते. फाइल रीसायकल बिनमध्ये असेपर्यंत काही होत नाही, कारण तोवर ती फक्त जागा बदलून बसलेली असते. बिन रिकामा केला, किंवा शिफ्ट दाबून थेट उडवली, की सूचना लगेच सुटते. कंट्रोलर आपल्या नकाशातून तो पत्ता आणि चिपवरचं पान यांची गाठ सोडतो. यापुढे तो पत्ता वाचायला मागितला, तर बहुतेक ड्राइव्ह चिपकडे बघतसुद्धा नाहीत. शून्यं हातावर ठेवतात.

खरा डेटा चिपवर त्यानंतर काही मिनिटं, क्वचित बराच वेळही असू शकतो. पण त्याच्यापर्यंत जायचा रस्ता कंट्रोलरच्याच दारातून जातो. चिपा उपटून थेट वाचाव्यात, तर आत पानं विखुरलेली, बिट घुसळलेले, आणि बऱ्याच ड्राइव्हमध्ये कंट्रोलरने स्वतःच सगळं कूटबद्ध केलेलं. काही मॉडेलच्या बाबतीत मोठ्या प्रयोगशाळा कंट्रोलरला त्याच्या कारखान्यातल्या अवस्थेत नेऊन जुना नकाशा हुडकतात. तेही पुसापुशी सुरू व्हायच्या आत ड्राइव्हचा वीजपुरवठा तोडला असेल तरच.

वीज तोडायची, नुसती डेटा केबल नाही. 2010 साली ऑस्ट्रेलियातल्या मर्डॉक विद्यापीठाच्या ग्रॅहम बेल आणि रिचर्ड बॉडिंग्टन यांनी एक एसएसडी क्विक फॉरमॅट करून पाहिली. काही मिनिटांत तिच्यातला जवळपास सगळा डेटा गेला. पुराव्याला धक्का लागू नये म्हणून फॉरेन्सिकवाले मध्ये राइट ब्लॉकर जोडतात. तो जोडूनही साफसफाई थांबली नाही. थांबणार कशी, ब्लॉकर अडवतो बाहेरून येणारा हुकूम, आणि इथे हात चालत होता आतून. त्यांच्या प्रयोगात ट्रिमचाही संबंध नव्हता. तो ड्राइव्ह स्वतःच फाइल सिस्टीम ओळखून आवराआवर करत होता. तपासयंत्रणांची झोप उडावी असाच हा प्रयोग होता.

मागे एक लग्नाचे फोटो काढणारा तरुण आला. लॅपटॉपच्या एनव्हीएमई ड्राइव्हवरचं लग्नाचं फोल्डर त्याने सकाळी शिफ्ट-डिलीट केलेलं, लक्षात आलं दुपारी. स्कॅन केल्यावर यादी आली.

“दादा, नावं तर सगळी दिसतायत की!”

“दिसतायत. आत काही नाहीये.”

मग विचारलं, कॅमेऱ्याचं कार्ड कुठंय? कार्ड त्याने कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलं होतं आणि वर एक साखरपुडाही शूट केला होता. पण साध्या एसडी कार्डांच्या वाट्याला ट्रिम सहसा येत नाही, आणि बऱ्याच कॅमेऱ्यांचं रोजचं फॉरमॅट फक्त नोंदवही कोरी करतं. कार्डाची प्रत काढून तिच्यावर फोटोरेक चालवलं. हे सॉफ्टवेअर नोंदवहीच्या नादी लागत नाही. FF D8 सारख्या खुणा शोधत सगळं कार्ड चाळत जातं. हळदीचे फोटो साखरपुड्याखाली गेले होते. त्यापुढचं बहुतेक लग्न मिळालं, पण एकाही फोटोला मूळ नाव नाही, सगळे f0012345.jpg अशा आकड्यांचे. लॅपटॉपवर नावं होती आणि फोटो नव्हते, कार्डावर नेमकं उलट. अल्बमचा क्रम लावायला तो फोटोतल्या वेळेच्या नोंदींवर विसंबला.

म्हणून हल्ली ड्राइव्ह समोर आला की पहिला प्रश्न असतो, तो जोडला कसा होता? यूएसबीच्या जुन्या डबीत बसवलेली एसएसडी असेल, तर डबी बरेचदा ट्रिमची सूचना पुढे जाऊच देत नाही आणि फाइली सापडतात. पेनड्राइव्हचंही बहुधा तसंच. दुसरा प्रश्न, फाइली उडवल्या की आपोआप दिसेनाशा झाल्या? फाइल सिस्टीम बिघडून ड्राइव्ह ‘रॉ’ दिसत असेल तर ती शुभवार्ताच, कारण ट्रिम कोणी पाठवलेलीच नसते. एक गंमत आणखी: एनटीएफएसमध्ये सातशेएक बाइटांच्या आतली चिमुकली फाइल नोंदवहीच्या ओळीतच मावते, म्हणून ती बरेचदा वाचते. साठ जीबीचं लग्न जातं, पासवर्डची चिठ्ठी उरते.

आपल्या विंडोजमध्ये ट्रिम चालू आहे का, हे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये कळतं:

```
fsutil behavior query DisableDeleteNotify
```

उत्तर 0 आलं तर चालू, 1 आलं तर बंद. नावातच ‘डिसेबल’ असल्यामुळे इथे पुष्कळ लोक उलटा अर्थ घेतात. रिकव्हरीच्या आशेने ट्रिम बंद करून ठेवणारेही भेटतात. ते ड्राइव्हचा वेग आणि आयुष्य रोज थोडं थोडं देऊन टाकतात, आणि तेवढ्या पैशात बॅकअपची एक डिस्क आली असती. उबंटू वापरणाऱ्यांना मात्र थोडी सवलत आहे. तिथे ट्रिम सहसा प्रत्येक डिलीटला न जाता आठवड्यातून एकदा, रविवारची मध्यरात्र उलटल्यावर सोमवारी जाते, आणि तेव्हा मशीन बंद असेल तर पुढच्या वेळी सुरू झाल्यावर. मंगळवारी फाइल उडवलेला माणूस धावत आला तर हाताशी दिवस असतात. रविवारी रात्री उडवून सोमवारी सकाळी येणाऱ्याला चहा पाजून परत पाठवावं लागतं.