पावतीवर शेवटचा आकडाही छापा

राज्यातील प्राथमिक दूध सहकारी संस्थांचे चेअरमन आणि संचालक मंडळ यांस,


मी दोन गाईंचं दूध गावच्या संस्थेत घालतो. दहा दिवसांच्या बिलावर एकूण लिटर, एक सरासरी फॅट आणि रक्कम एवढंच असायचं. म्हणून मी सकाळ-संध्याकाळचे आकडे वहीत उतरवू लागलो.

पहिल्याच दिवशी मनात संशय आला. सकाळी ६.४ लिटर दुधाला ३.६ फॅट, संध्याकाळी ४.१ लिटरला ४.२. दोन्हींचा मध्य ३.९ येतो, पण संस्थेच्या त्या दिवसाच्या सारांशात ३.८ होतं. मुलीने हिशेब मांडून दाखवला, तेव्हा चूक माझीच निघाली. सकाळचं दूध जास्त, म्हणून त्याच्या फॅटचं वजनही जास्त. प्रत्येक वेळचे लिटर गुणिले फॅट करून बेरीज केली, तिला १०.५ लिटरने भागलं, तर ३.८३ येतं. संस्थेचा आकडा बरोबर होता. पण हा हिशेब बिलावरच असता, तर संशय आलाच नसता.

खरी गळती मापात सापडली. त्या सकाळी घरच्या काट्यावर किटली वगळून दूध ६.६६ किलो भरलं होतं. लिटरभर दूध साधारण १.०३ किलो भरतं, त्या हिशेबाने ते ६.४७ लिटर. पावतीवर ६.४. पुढचे सात शतांश लिटर म्हणजे ७० मिली कुठेच लिहिले गेले नाहीत. पुढेही रोज हेच दिसलं: दशांश चिन्हानंतरचा दुसरा आकडा कितीही मोठा असो, तो सोडून दिला जायचा.

असं सोडलं, तर एका वेळी सरासरी ५० मिली जातात. दहा दिवसांत वीस वेळा दूध घातलं की एक लिटर. दोनशे सभासद असतील, तर दोनशे लिटर. हे दूध टँकरमध्ये जातं आणि संस्थेच्या दप्तरात ‘वाढ’ म्हणून दिसतं. सांडलवंड, कॅनला चिकटलेलं दूध यांची घट त्यातून भरून निघते, हे मला मान्य आहे. पण ती घट किती आणि वाढ किती, हे सभासदाला कळायला हवं.

म्हणून मागणी अशी: काट्यावर १० मिलीपर्यंतचा आकडा घ्या आणि तोच पावतीवर छापा. किलोचे लिटर कोणत्या आकड्याने भागून केले, तेही लिहा. दहा दिवसांच्या बिलात वीसही वेळचे लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम ओळीने द्या. आणि सभासदांकडून आलेलं एकूण दूध व एकूण फॅट, तसंच संघाने मोजून घेतलेलं दूध व फॅट, हे दोन्ही संस्थेच्या फलकावर शेजारी-शेजारी लावा.

यातले बरेचसे आकडे संगणकात आजही असतात. पुढच्या बिलापासून ते आमच्या हातात द्यावेत, ही विनंती.

आपला,
एक दूध उत्पादक सभासद