‘चर्चा झाली’ म्हणजे काय झाले?

सभेचे इतिवृत्त लिहिणे हे काम आपल्याकडे ज्याचे अक्षर चांगले त्याच्या गळ्यात पडते. त्याने काय लिहायचे, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही. मग तो सवयीने लिहितो : “अमुक विषयावर साधकबाधक चर्चा झाली. काम लवकरात लवकर पूर्ण करावे असे सर्वानुमते ठरले.” वाक्य शुद्ध आहे, पण त्यातून कोणाच्याही हाती काम पडलेले नाही.

लालबाग-परळच्या चाळींतल्या आम्हा मुलांना इतिवृत्ताची वही नवी नाही. उत्सव मंडळाच्या वहीत ठराव, सूचक, अनुमोदक अशी ठरलेली मांडणी असते. ठराव रीतसर झाला होता, हे पुढे दाखवता यावे म्हणून ती असते आणि वर्गणीच्या पैशासाठी ती योग्यच आहे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाला मात्र तेवढी पुरत नाही. तिथे प्रश्न असतो तो पुढच्या शुक्रवारपर्यंत कोण काय करणार हा.

एक उदाहरण घेऊ. सहा जणांचा गट गिरणी कामगारांच्या आठवणी गोळा करतो आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात जे पंचविशीत होते, ते आज सत्तरीच्या आसपास आहेत. पुन्हा केव्हातरी जाऊन विचारू, असे म्हणण्याची सोय इथे नाही. तासा-तासाच्या आठ मुलाखती झाल्या आहेत. आढावा बैठकीत प्रश्न येतो : त्या लिहून कधी होणार?

इथे आधी हिशेब हवा. एका तासाचे ध्वनिमुद्रण ऐकून शब्दशः उतरवायला नवशिक्याला चार ते सहा तास लागतात. पाच धरले तरी आठ मुलाखतींचे चाळीस तास होतात. लेखनाला चौघे मोकळे आहेत. प्रत्येकाचे आठवड्याला तीन तास आणि मुदत दोन आठवडे, म्हणजे हाती चोवीस तास आहेत. तेव्हा “लवकरात लवकर” या शब्दांना काही अर्थ उरत नाही. इतिवृत्तात यावे ते असे :

“निर्णय २ : तीन मुलाखतींचे पूर्ण लेखन; उरलेल्या पाचांचा वेळेच्या नोंदींसह सारांश. कारण : सर्व लेखनास ४० तास लागतील, हाती २४ आहेत. या निर्णयाने पूर्ण लेखनाचे १५ आणि सारांशाचे साडेसात, असे साडेबावीस तास लागतील.”

कारण लिहिणे हा फापटपसारा नव्हे. महिन्याने कोणीतरी विचारतेच, “आठही का नाही लिहिल्या?” कारण नोंदलेले नसेल तर तोच वाद पुन्हा पहिल्यापासून घालावा लागतो.

निर्णयाखाली कामांचा तक्ता. रकाने पाचच : काम, कोणाकडे, मुदत, पूर्ण झाल्याची खूण आणि स्थिती. “कोणाकडे” या रकान्यात एकच नाव हवे. “सर्वांनी” लिहिले की ते काम कोणाचेच राहत नाही. “पूर्ण झाल्याची खूण” हा रकाना बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फसतात. मुलाखत क्रमांक तीनची खूण अशी : मजकूर गटाच्या फाइलमध्ये आला आहे आणि दुसऱ्या सभासदाने पहिली दहा मिनिटे ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहिली आहेत. अशी खूण नसेल तर स्थितीच्या रकान्यात “सुरू आहे” हे शब्द तीन-तीन बैठका मुक्काम ठोकतात.

पुढची बैठक या तक्त्यापासूनच सुरू व्हावी. मुदत टळली तर जुनी तारीख खोडू नये; शेजारी नवी लिहावी. एकाच कामापुढे दोनदा तारीख बदललेली दिसली, तर ते काम मोठे आहे किंवा चुकीच्या हाती आहे असे समजावे आणि त्याचे तुकडे करावेत.

एक नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गैरहजर सभासदाच्या नावावर त्याला विचारल्याशिवाय काम लिहू नये. आमच्यापैकी कित्येक जण संध्याकाळी नोकरी करतात. बैठक चालू असते तेव्हा कोणी दुकानात उभा असतो. त्याच्या नावापुढे तारीख टाकून मोकळे होणे सोपे आहे, पण तो निर्णय नव्हे. त्याचा होकार येईपर्यंत तिथे “विचारायचे आहे” एवढेच लिहावे आणि कोण विचारणार त्याचे नाव द्यावे.

हा तक्ता म्हणजे हजेरीची छडी आहे, असे काहींना वाटते. मला उलट वाटते. बैठकीत जो अस्खलित बोलतो, त्याचेच काम जास्त असावे असा समज होतो. जो गप्प बसतो आणि रात्री जागून ध्वनिमुद्रण उतरवतो, त्याचे नाव भाषणात येत नाही. ते तक्त्यात येते. ज्यांच्या घरात याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नाही, त्यांना सभेत बोलायला वेळ लागतो. तोवर त्यांच्या कामाची साक्ष देणारा एखादा कागद असला पाहिजे.