औषध फुकट मिळाले हे आधी सांगा : धानाच्या ‘रिझल्ट’ व्हिडिओमागचा हिशेब

अड्याळ (ता. पवनी) : रोवणी आटोपली की धानपट्ट्यात मोबाईलवर एक ठरावीक व्हिडिओ फिरू लागतो. शेतकरी बांधावर उभा असतो, मागे हिरवेगार धान, हातात टॉनिकची बाटली. “आठ दिवसांत पहा कसा रिझल्ट आला,” असं तो सांगतो. पाहणाऱ्याला वाटतं, आपल्याच भागातला माणूस आहे, खोटं कशाला बोलेल? अन् दुसऱ्या दिवशी तीच बाटली मागायला तो कृषी केंद्रावर पोहोचतो.

बहुतेक वेळा हा शेतकरी खोटं बोलतही नसतो. धान खरंच हिरवं झालेलं असतं. पण ती बाटली त्याला कंपनीच्या माणसाने डेमोसाठी फुकट दिली होती, ही एक गोष्ट व्हिडिओत येत नाही. ती लपवली तर पाहणाऱ्याचा पूर्ण हिशेब चुकतो. तो कसा चुकतो, हे आधी आकड्यांत पाहू.

एकच बाटली, दोन हिशेब

समजा, अड्याळ परिसरातल्या एका शेतकऱ्याकडे 1010 वाणाच्या अर्ध्या-अर्ध्या एकराच्या दोन लागून बांध्या आहेत. कंपनीने त्याला पीकवाढीचं टॉनिक फुकट दिलं. छापील किंमत लिटरला 900 रुपये. एकरी अर्धा लिटर याप्रमाणे दोन फवारण्या, म्हणजे एकराला एक लिटर. फवारणीची मजुरी एकरी 400 रुपये, दोन वेळचे 800. त्याने एका बांधीत टॉनिक मारलं, दुसरी तशीच ठेवली. बाकी खत, पाणी, रोवणीची तारीख सारखी.

मळणीनंतर मारलेल्या बांधीचा उतारा एकरी 17 क्विंटल पडला, न मारलेल्याचा 16. व्हिडिओत तो सांगणार, “एकरी एक क्विंटल वाढलं.” पण त्याच शेतकऱ्याकडे गेल्या वर्षीची नोंद आहे. तेव्हा कोणत्याच बांधीत टॉनिक नव्हतं, तरी पहिल्या बांधीत साडेसोळा अन् दुसरीत सोळाच क्विंटल आले होते. कारण पहिल्या बांधीत पाणी जास्त दिवस टिकतं. म्हणजे अर्धा क्विंटलचा फरक जमिनीचाच आहे. टॉनिकच्या नावावर फार तर उरलेला अर्धा क्विंटल मांडता येईल.

आता पैसे मोजू. 2025-26 च्या खरिपात साधारण धानाचा हमीभाव 2,369 रुपये होता. अर्ध्या क्विंटलचे झाले साधारण 1,184 रुपये. डेमोवाल्या शेतकऱ्याची बाटली फुकट होती, त्याचा खर्च फक्त मजुरीचा 800. त्याला एकरी 384 रुपये उरले. विकत घेणाऱ्याला मात्र 900 ची बाटली अन् 800 ची मजुरी, एकूण 1,700 रुपये लागतात. तो एकरी 516 रुपयांनी तोट्यात जातो.

वर घेतलेले उताऱ्याचे, किमतीचे अन् मजुरीचे आकडे समजण्यासाठी आहेत, ते जागेनुसार बदलतील. पण गोम तीच राहते. एकाच शेतात, एकाच औषधाने, फुकट मिळालेल्याला फायदा अन् विकत घेणाऱ्याला तोटा होऊ शकतो. फुकट मिळालेला माणूस मनापासून “परवडलं” म्हणतो, तेव्हा तो स्वतःपुरतं खरंच बोलतो. म्हणून ‘फुकट मिळालं’ हे वाक्य पहिल्यांदा सांगायला हवं अन् हिशेब मात्र पूर्ण छापील किमतीने मांडायला हवा.

नियम काय म्हणतो

ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 9 जून 2022 रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यानंतर 20 जानेवारी 2023 रोजी ग्राहक व्यवहार विभागाने सोशल मीडियावर वस्तूंची शिफारस करणाऱ्यांसाठी सोप्या भाषेतली पुस्तिका दिली. तिचं सार असं : कंपनीशी देणंघेणं असेल तर ते उघड सांगा. देणंघेणं म्हणजे फक्त रोख पैसे नव्हेत. फुकट वस्तू, सवलत, भेट, सहल, हॉटेलचा मुक्काम, एवढंच काय, नात्यागोत्याचा किंवा नोकरीचा संबंधही त्यात येतो. न मागता घरी आलेली वस्तूसुद्धा सुटत नाही. अन् जी वस्तू स्वतः वापरली नाही तिची शिफारस करू नये, असंही त्यात आहे.

गावात याचा अर्थ जरा जास्त बारकाईने लावावा लागतो. इथे कंपनी थेट पैसे देत नाही. दुकानदार बाटलीवर सूट देतो, उधारी पुढच्या हंगामापर्यंत थांबवतो किंवा पुतण्याच त्या कंपनीत काम करतो. बोलणाऱ्याला ते साधं वाटतं, पण ऐकणाऱ्याला कळलं असतं तर त्याने व्हिडिओ वेगळ्या कानाने ऐकला असता. सांगायचं की नाही याची कसोटी हीच आहे.

दिशाभूल करणारी जाहिरात ठरली तर कलम 21 नुसार शिफारस करणाऱ्यालाही 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत. मात्र ज्याने दाव्याची योग्य ती खातरजमा केली होती, त्याला याच कलमात सूट आहे. न मारलेली बांधी अन् वजनाची वही या ठिकाणी कामाला येते.

सांगायचं कुठे अन् कसं

जाहिरात क्षेत्राची स्वनियंत्रण संस्था एएससीआय हिचे नियम जून 2021 पासून आहेत. त्यात ‘फ्री गिफ्ट’ हेही एक मान्य लेबल आहे. म्हणजे पैसे घेतले नसले तरी फुकट वस्तूचा उल्लेख हवाच. सरकारी पुस्तिका सांगते की व्हिडिओत ही गोष्ट दिसलीही पाहिजे अन् ऐकूही आली पाहिजे, तीही ज्या भाषेत व्हिडिओ आहे त्याच भाषेत. मराठीत बोलून खाली बारीक अक्षरात इंग्रजी हॅशटॅग टाकला तर सांगितल्यासारखं होत नाही. “कंपनीचे आभार” एवढ्यानेही बाटली फुकट होती हे कळत नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. युट्युब किंवा इन्स्टाग्रामवर जाहिरातीचं लेबल लावता येतं, पण व्हिडिओ डाउनलोड होऊन व्हॉट्सॲपच्या गटात गेला की ते लेबल मागेच राहतं. सोबतचा मजकूरही गळून पडतो. उरतो तो आवाज. म्हणून पहिल्याच दहा सेकंदांत तोंडाने बोलणं हा गावच्या व्हिडिओसाठी सगळ्यात पक्का उपाय. वाक्य साधं असावं : “हे टॉनिक मला कंपनीने डेमोसाठी फुकट दिलं. दुकानात याची किंमत 900 रुपये आहे. फवारणीची मजुरी माझी. व्हिडिओ कंपनीला आधी दाखवला नाही.”

यातलं शेवटचं वाक्य खरं असेल तरच बोलावं. त्यासाठी बाटली हातात घेण्याआधीच सांगून टाकावं, “भाऊ, जसं येईल तसं सांगीन. वाईट आलं तरी सांगीन.” कंपनीच्या माणसाला ते मान्य नसेल तर बाटली परत द्यावी. ‘आधी आम्हाला दाखवा, मग टाका’ अशी अट ठेवून केलेला व्हिडिओ ही जाहिरात असते, त्याला अनुभव म्हणता येत नाही.

फुकट सांगितलं, तरी विश्वास कशावर ठेवावा?

“फुकट मिळालं” म्हणून मोकळं झालं की परीक्षण खरं ठरतं, असं नाही. डेमोत बाटली सहसा एकटी येत नाही. सोबत झिंकची पिशवी येते, कंपनीचा माणूस युरियाची मात्रा ठरवून देतो, कधी फवारणीही तोच करून जातो. मग धान सुधारलं ते टॉनिकने, झिंकने की वेळेवर दिलेल्या युरियाने? सोबत काय काय आलं ते सगळं सांगितलं नाही, तर सगळं श्रेय बाटलीला जातं.

दुसरी फसगत हिरवेपणाची. पानांवर नत्र फवारलं की आठवडाभरात रंग गडद होतो अन् फोटो झकास येतो. पण गडद रंग म्हणजे भरलेली लोंबी नव्हे. उलट नत्र जास्त झालं तर धान लोळतं अन् करपा, तुडतुड्याला आयतं मिळतं. त्यामुळे ऑगस्टमधल्या व्हिडिओत फार तर एवढंच बोलता येतं की, “रंग बदलला आहे, उतारा मळणीनंतर सांगतो.” अन् मळणीनंतर दुसरा व्हिडिओ टाकायचाच, फरक पडला नसला तरी.

तुलना करताना दोन्ही बांध्यांचं धान वेगळं मळून वेगळं तोलावं. पोत्यांचा अंदाज चालत नाही, कारण पोतं कमीजास्त भरतं. ओलावाही सारखा हवा. ओलं धान जड भरतं, म्हणून दोन्ही ढीग सारखेच वाळवून मग काट्यावर न्यावेत. एवढं करूनही तो एका शेताचा, एका हंगामाचा अनुभव असतो. पाऊस वेगळा पडला तर निकाल वेगळा लागू शकतो, हेही बोलून दाखवावं.

वाईट आलं तर बोलायची भीती

“वाईट बोललो तर कंपनी केस करेल,” ही धास्ती असते. आपल्याच राज्यातलं उदाहरण आहे. खोबरेल तेलावर टीका करणाऱ्या एका युट्युबरविरुद्ध मॅरिको कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. जानेवारी 2020 मध्ये एकल न्यायाधीशांनी व्हिडिओ काढायला सांगितलं. पुढच्याच महिन्यात खंडपीठाने काही बदल करून तो ठेवायची मोकळीक दिली. यातून घ्यायचं ते एवढंच : मत मांडता येतं, पण ठाम वस्तुस्थिती म्हणून सांगितलेली गोष्ट पडताळलेली हवी.

म्हणून “हे औषध बोगस आहे” असं म्हणण्यापेक्षा “माझ्या बांधीत एवढी मात्रा, या तारखांना मारली, वजनात फरक अर्धा क्विंटल आला, छापील किमतीने परवडलं नाही” असं सांगावं. बॅच नंबर अन् बिल असेल तर तेही दाखवावं. माल खरोखर निकृष्ट वाटत असेल तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी, व्हिडिओवर निकाल लावू नये.

व्हिडिओ पाहणाऱ्याने खाली चार प्रश्न टाकायला लाजू नये. बाटली विकत घेतली की मिळाली? सोबत आणखी काय दिलं? न मारलेली बांधी कुठे आहे? दोन्हीचं वजन किती? ज्याच्याकडे उत्तरं आहेत तो दोन मिनिटांत देईल. जो प्रश्नच डिलीट करतो, त्याच्या व्हिडिओवर 900 रुपये खर्च करण्याआधी दुकानातून हात हलवत परत आलेलं बरं.