पैसे भरण्याआधीची तीन वाक्ये



जून महिना आला की आमच्या नगरात क्लासवाल्यांचे आणि जिमवाल्यांचे मेसेज सुरू होतात. वर मोठ्या अक्षरात सवलत, खाली बारीक अक्षरात अटी. त्यातली तीन वाक्ये शोधल्याशिवाय लिंकवर बोट ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती अशी : मध्येच सोडले तर किती पैसे परत, मुदत आपोआप वाढते का, आणि बंद करायचे तर किती दिवस आधी कळवायचे.

पहिले वाक्य बहुधा 'फी परत मिळणार नाही' असे असते. आता बघा, केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या कोचिंग सेंटरविषयीच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की पूर्ण फी भरून मुलाने मध्येच क्लास सोडला, तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करावी. म्हणजे १२ महिन्यांचे ३६,००० भरले आणि ३ महिन्यांनी सोडले, तर २७,००० परत यायला हवेत. पण या सूचना आहेत, कायदा नव्हे. शिवाय त्या ५० हून अधिक विद्यार्थ्यांच्या क्लासपुरत्या आहेत, जिमला लागू नाहीत. म्हणून ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर दाद मागण्यापेक्षा आधीच हप्ते मागावेत. १२,००० चे तीन हप्ते ठरले तर फार तर एकच हप्ता अडकतो! आणि काउंटरवरचा माणूस 'बघू, देऊ परत' म्हणाला, तर तेच मेसेजवर लिहून मागावे.

दुसरे वाक्य मुदतवाढीचे. १ जूनपासून ३ महिन्यांची जिम लावली आणि बंद करायला १५ दिवस आधी कळवायची अट असेल, तर ३१ ऑगस्ट ही तारीख उपयोगाची नाही. १ सप्टेंबरला नवी मुदत सुरू होते, म्हणून १७ ऑगस्टच्या आत कळवायला हवे. ही तारीख त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

मोबाईलवर पैसे भरताना AutoPay असा शब्द दिसला तर थांबा. तो एकदाचा भरणा नव्हे, पुढेही पैसे कापण्याची परवानगी आहे. रक्कम, किती दिवसांनी आणि कधीपर्यंत, हे तिथेच लिहिलेले असते. कापण्याच्या २४ तास आधी सूचना यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण जाहिरातींच्या गर्दीत ती वाचतो कोण?

ही परवानगी अ‍ॅपमध्ये जाऊन रद्द करता येते. मात्र त्याने पैसे कापणे थांबते, सभासदत्व संपत नाही. तिसऱ्या वाक्यात सांगितले असेल तसे लेखी कळवावेच लागते, नाहीतर थकबाकीचा तगादा मागे लागतो.

असो. मेसेजमध्ये ही तीन वाक्ये नसतील तर तसे विचारावे, आणि उत्तर लेखी येईपर्यंत पैसे आपल्याच खात्यात राहू द्यावेत.