जुन्या वर्गमित्राचा मेसेज

बऱ्याच वर्षांनी आलेल्या वर्गमित्राच्या मेसेजमागे विक्री आहे का, हे त्यातल्या आठवणींवरून आणि पुढच्या प्रश्नांवरून ओळखता येते. नेटवर्क मार्केटिंगमध्ये नव्या सभासदाला आधी ओळखीच्यांची यादी करायला लावतात. फोनवर कंपनीचे नाव न सांगता फक्त भेट ठरवायची, असेही अनेक ठिकाणी शिकवतात. त्यामुळे असा मेसेज कुणालाही पाठवता येईल इतका मोघम असतो: ‘कशी आहेस गं? शाळेचे दिवस आठवतात!’ बाईंचे नाव नाही, बाकावरची शेजारीण नाही. दोन उत्तरांनंतर नोकरीची, मग ‘जोड उत्पन्ना’ची चौकशी येते आणि शेवटी ‘फोनवर नको, रविवारी झूमवर ये’. नुसत्या पगाराच्या चौकशीवरून मात्र संशय घेऊ नये. ती आपल्याकडे सहज होते. ‘कोणती कंपनी, काय विकतात?’ असे सरळ विचारावे. 2021च्या थेट विक्री नियमांनुसार विक्रीचे बोलणे सुरू करतानाच विक्रेत्याने स्वतःची व कंपनीची ओळख, वस्तू आणि हेतू स्पष्ट सांगणे बंधनकारक आहे. तरीही ‘आधी ये तर खरी’ एवढेच उत्तर आले, तर ते विक्रीचेच आमंत्रण समजावे.