पापणीवरची गाठ

पापणीच्या कडेला, केसाच्या मुळाशी लाल, ठणकणारा फोड आला आणि दोन-चार दिवसांत त्यावर पिवळं तोंड दिसू लागलं, तर ती रांजणवाडी. तिथल्या ग्रंथीत जंतू शिरलेले असतात. ती बहुधा आठ-पंधरा दिवसांत फुटून बरी होते.

कॅलेझियन वेगळं. पापणीच्या आत तेल तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. त्यांतल्या एखादीचं तोंड बंद झालं की तेल आतच साचतं आणि कडेपासून जरा दूर टणक गाठ तयार होते. सुरुवातीला ती थोडी दुखेल, मग दुखायची थांबते आणि आठवडे, कधी महिने तशीच राहते. दुखत नाही म्हणून ती दुर्लक्षित राहते.

दोन्हींवर पहिला उपाय शेकाचाच, पण तो नीट द्यायला हवा. गरम पाण्यात बुडवलेला रुमाल मिनिटभर डोळ्यावर ठेवून काढला, तर उपयोग नाही. थिजलेलं तूप पातळ व्हायला वेळ लागतो, तसंच या तेलाचं आहे. हात धुवा. स्वच्छ सुती कापड गरम पाण्यात बुडवून पिळा आणि आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. तिथे सोसवेल तेवढंच गरम हवं, पापणीची कातडी फार पातळ असते. डोळा मिटून दहा मिनिटं शेका. कापड दर दोन-तीन मिनिटांनी निवतं, तेव्हा पुन्हा बुडवा. असं दिवसातून तीन-चार वेळा करा. कॅलेझियन असेल तर शेकानंतर स्वच्छ बोटाने हलकं चोळा: वरच्या पापणीला खाली, खालच्या पापणीला वर, म्हणजे नेहमी केसांच्या दिशेने. रांजणवाडी मात्र पिळू नका, सुईने फोडू नका. लवंग उगाळून किंवा लसूण चोळून लावू नका, डोळ्याला इजा होते. बरं होईपर्यंत काजळ आणि कॉन्टॅक्ट लेन्स बंद ठेवा.

सगळी पापणी सुजली, ताप आला, डोळा फिरवताना दुखू लागला, तो पुढे आल्यासारखा दिसला किंवा नजर धूसर झाली, तर शेकत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि महिनाभर नीट शेकूनही गाठ हलली नाही, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा. समजा, घरातल्या साठीच्या मावशींना वरच्या पापणीत न दुखणारी गाठ आली. कॅलेझियन म्हणून आतल्या बाजूने छोटा छेद देऊन ती काढली. चार महिन्यांनी तिथेच पुन्हा गाठ आली, शिवाय त्या जागचे पापणीचे केस गळले. इथे संशय घ्यायलाच हवा. तेलग्रंथीचा कर्करोग हुबेहूब कॅलेझियनसारखा दिसू शकतो, आणि पापणीच्या कर्करोगांत आपल्याकडे तो दुर्मीळ नाही. केस गळणं, गाठीवर व्रण पडणं, रक्त येणं, किंवा एकाच डोळ्याची लाली महिनोन्‌महिने न जाणं, या त्याच्या खुणा. मावशींची गाठ पुन्हा काढायची वेळ आली, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, 'तुकडा तपासायला पाठवणार ना?' आणि त्याचा अहवाल हातात घ्या.